मेरेवरच्या झाडांत किती कार्बन आहे? घेर, उंची आणि लाकडाची घनता घेऊन हिशेब कसा करावा

भाताच्या मेरेवर, चिऱ्यांच्या गडग्याला लागून किंवा काजूच्या बागेच्या कडेने उभ्या झाडांत किती कार्बन साठला आहे, हे ती न तोडता काढता येते. त्यासाठी झाडाचा घेर, उंची आणि त्याच्या लाकडाची घनता एवढ्या तीनच गोष्टी लागतात. त्या समीकरणात घातल्या की झाडाचे कोरडे वजन मिळते आणि त्याचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. समीकरण संगणक सोडवतो, त्यामुळे तिथे कोणी अडकत नाही. चुका होतात त्या टेप कुठे धरला, कोणाची घनता उचलली आणि छाटलेल्या झाडाचे काय केले, या ठिकाणी. म्हणून पुढे त्याच जागांवर जास्त थांबलो आहे. उदाहरणे गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या नेहमीच्या झाडांची आहेत.

जंगलात ठरावीक मापाचे चौकोन आखून नमुन्याची झाडे मोजतात. मेरेवर तसे करू नका. मेर म्हणजे एक रेघ, आणि तिच्यावरची झाडे कुठे दाट तर कुठे एकटी. चौकोन कुठे पडला त्यावर उत्तर बदलेल. एका शेतकऱ्याच्या मेरेवर झाडे असतात तरी किती? सगळी मोजा आणि उत्तर ‘मेरेच्या दर १०० मीटरला इतके’ असे मांडा.

जवळ काय हवे

- जमिनीचा फॉर्म १ व १४ आणि सर्व्हे प्लॅनची प्रत
- फायबरचा मोजपट्टीचा टेप (शिंप्याचा कापडी टेप पावसात ताणतो, तो नको)
- १.३७ मीटर लांबीची सरळ काठी
- कोन मोजणारे क्लायनोमीटर किंवा फोनमधले तसले ॲप
- ऑइल पेंट, लहान ब्रश, कोयता, वही
- झाडे ओळखणारा गावातला जाणकार माणूस. हा सगळ्यांत महत्त्वाचा.

१. आधी मेर कोणाची ते ठरवा

सर्व्हे प्लॅन हातात घेऊन मेरेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जा आणि प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. शेजाऱ्याला सोबत घ्या. ‘हा आंबा अर्धा आमचा’ हे वाक्य मोजणीनंतर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेले बरे. बुंधा जिथे जमिनीतून वर येतो ती जागा बघून मालकी ठरवा, फांद्या कुणाच्या शेतावर आहेत त्यावरून नाही. बुंधा बरोबर रेघेवर असेल तर दोघांच्या वहीत अर्धे-अर्धे लिहा. दोघांनीही पूर्ण धरले तर तेच झाड दोनदा मोजले जाते, आणि गावभरचा हिशेब एकत्र करताना हे कुणाच्या लक्षात येत नाही.

१६ सेंटिमीटरपेक्षा कमी घेराची रोपे सोडून द्या. त्यांचा व्यास ५ सेंटिमीटरच्या आत येतो आणि पुढे वापरायचे समीकरण त्याच्या खाली चालत नाही. माड, पोफळ आणि बांबू वेगळ्या यादीत टाका. माडाचा बुंधा वयाबरोबर उंच होतो, पण झाडासारखा जाड होत जात नाही. त्यामुळे घेरावर चालणारे समीकरण त्याला लावणे चूकच. त्यांचा हिशेब वेगळ्या पद्धतीने करावा लागतो आणि तो या लेखात नाही.

२. घेर

जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजायचा. भारतीय वनखात्याची ही जुनी रीत आहे. परदेशी लेखांत १.३० मीटर दिसेल. फरक लहान आहे, पण एक उंची ठरवा आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. काठी बुंध्याला टेकवून उभी करायची आणि तिच्या टोकाशी टेप आडवा, ताठ गुंडाळायचा.

गोव्यातल्या मेरेवर पुढच्या गोष्टी हमखास भेटतात.

उतारावरच्या झाडाला काठी वरच्या बाजूने लावा. झाड गडग्याला चिकटून असेल तर काठी गडग्यावर ठेवू नका, बुंधा जमिनीतून निघतो तिथे ठेवा. कुळागराच्या कडेच्या झाडांवर मिरीचा वेल चढलेला असतो. टेप वेलावरून नेला तर घेर दहा-पंधरा सेंटिमीटरने सहज फुगतो. वेल तोडू नका, हळूच बाजूला करून टेप त्याखालून ओढा. वाळवीची माती चढलेली असेल तर ती खरवडून काढा. सावरीला मोठ्या झाल्यावर बुडाशी पाखांसारखे पसरट आधार फुटतात. ते १.३७ मीटरपर्यंत आले असतील तर त्यांच्या वर एक वीत सोडून मोजा आणि कुठे मोजले ते लिहा.

काजू आणि भिरंड कमरेच्या खालीच फाटतात. तिथे प्रत्येक खोडाचा घेर वेगळा घ्या, प्रत्येकाचा व्यास काढा, व्यासांचे वर्ग करून बेरीज करा आणि त्या बेरजेचे वर्गमूळ घ्या. एका काजूची तीन खोडे २०, १५ आणि १२ सेंटिमीटर व्यासाची असतील तर वर्गांची बेरीज ४०० + २२५ + १४४ = ७६९ आणि वर्गमूळ २७.७ येते. सरळ बेरीज केली तर ४७ येतात आणि झाडाचे वजन जवळजवळ तिप्पट निघते. काजूच्या बागेचे आकडे अचानक चांगले दिसू लागले तर पहिला संशय इथे घ्या.

घेराचा व्यास करायला त्याला ३.१४१६ ने भागायचे. हे वाचायला सोपे वाटते, पण घेराचा आकडा तसाच व्यासाच्या रकान्यात जाणे ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. तिने उत्तर नऊपटीहून थोडे जास्त येते. मध्यम आंब्याचे वजन नऊ-दहा टन दिसले तर समजा हेच झाले आहे.

३. उंची

झाडापासून किमान त्याच्या उंचीइतके दूर जा. २० मीटर अंतर टेपने मोजा, शेंड्याकडे बघून कोन घ्या, मग बुडाकडे बघून खालचा कोन घ्या. दोन्ही कोनांच्या टॅनची बेरीज करून अंतराने गुणले की उंची येते. एक आंबा उदाहरणाला घेऊ, तो पुढेही वापरायचा आहे. त्याचा वरचा कोन ३१ अंश आणि खालचा ६ अंश होता. टॅन अनुक्रमे ०.६०१ आणि ०.१०५, बेरीज ०.७०६, गुणिले २० म्हणजे १४.१ मीटर. मी १४ धरले. बूड डोळ्याच्या पातळीच्या वर असेल तर दुसरा आकडा वजा करायचा.

एकट्या वाढलेल्या आंब्याचा किंवा फणसाचा विस्तार छत्रीसारखा असतो. जवळून बघितले तर तुम्हाला दिसतो तो शेंडा नसतो, तुमच्या बाजूला आलेल्या फांदीची कड असते आणि उंची तीन-चार मीटरने वाढते. मागे हटत जा. दोन बाजूंनी घेतलेल्या मापात एक मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आणखी लांबून बघा.

४. घनता: कोणाची आणि कोणती

एकाच मापाची दोन झाडे घ्या. घेर ९४ सेंटिमीटर, उंची १५ मीटर. एक किंदळ, घनता घनसेंटिमीटरला ०.६५ ग्रॅम धरून. दुसरी सावर, घनता ०.३३ धरून. किंदळाचे जमिनीवरचे कोरडे वजन ४७२ किलो निघते आणि सावरीचे २४४. मापे तीच, वजन निम्मे. म्हणून झाड नीट ओळखणे हे टेपइतकेच महत्त्वाचे.

नावांचा घोळ इथेच होतो. जांबा आणि जांभूळ ही वेगळी झाडे आहेत. जांब्याचे लाकड फार जड, जांभळाचे त्याहून हलके. फणस आणि पातफणस वेगळे. माटी म्हणजेच ऐन, पण त्याच्या शास्त्रीय नावाची तीन-चार रूपे याद्यांत फिरतात. म्हणून गावातले नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही वहीत लिहा आणि यादीत शोधताना सगळी रूपे टाकून बघा. ती अशी:

```
आंबा     Mangifera indica
माटी/ऐन   Terminalia elliptica, T. tomentosa, T. crenulata, T. alata
किंदळ    Terminalia paniculata
जांबा     Xylia xylocarpa
जांभूळ    Syzygium cumini
सावर     Bombax ceiba
```

घनता शोधायला ‘ग्लोबल वूड डेन्सिटी डेटाबेस’ ही २००९ साली खुली झालेली यादी आहे. ती स्प्रेडशीटच्या रूपात फुकट उतरवता येते आणि तिच्यात जगभरच्या सोळा हजारांहून अधिक नोंदी आहेत. एकाच झाडाच्या अनेक नोंदी असतील तर भारतातल्या नोंदी आधी घ्या आणि त्यांची सरासरी काढा. झाड सापडलेच नाही तर त्याच्या प्रजातीच्या भावंडांची, म्हणजे नावाचा पहिला शब्द सारखा असलेल्यांची सरासरी चालते. तसे केल्याची खूण त्या ओळीत करा.

आता ज्या ठिकाणी सुशिक्षित माणसेही फसतात ते. समीकरणाला जी घनता हवी ती अशी: ओले असतानाचे आकारमान आणि भट्टीत पूर्ण वाळवल्यावरचे वजन. इमारती लाकडाच्या पुस्तकात किंवा सॉमिलवाल्याकडे जो आकडा मिळतो तो साधारण १२ टक्के ओल असलेल्या लाकडाचा असतो आणि त्यात वजन व आकारमान दोन्ही वाळलेल्या लाकडाची असतात. सागवान घनमीटरला ६५० किलो म्हणतात तो हा. तो ०.६५ म्हणून समीकरणात घातला तर वजन २० टक्क्यांनी जास्त येते. अशा आकड्याला ०.८२८ ने गुणा, सागवानाचे ०.५४ होतात. आकड्याखाली ‘१२ टक्के’ किंवा ‘हवेत वाळलेले’ असे काही लिहिले आहे का ते बघायचे. काहीच लिहिले नसेल तर तो आकडा वापरू नका.

स्वतः मोजायची हौस असेल तर पावसाळ्यात उन्मळून पडलेले झाड शोधा. गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष जतन कायद्याखाली परवानगी लागते, त्यामुळे नमुन्यासाठी उभे झाड तोडण्याचा विचार करू नका. पडलेल्या झाडाच्या खोडाची, फांदीची नव्हे, एक चकती घ्या आणि साल काढून गाभ्यापासून कडेपर्यंत पाचरीसारखा तुकडा कापा. तो ओला असतानाच काट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने किंवा सुईने पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके त्याचे घनसेंटिमीटर आकारमान. मग प्रयोगशाळेतल्या भट्टीत १०५ अंशांवर वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवा. ४०० घनसेंटिमीटरचा तुकडा वाळून २२८ ग्रॅम राहिला तर घनता ०.५७. फक्त कडेचा किंवा फक्त गाभ्याचा तुकडा घेतला तर आकडा एका बाजूला झुकतो, म्हणून पाचर.

५. समीकरण

उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी २०१४ साली शाव्ह आणि सहकाऱ्यांनी दिलेले समीकरण सध्या सर्वत्र वापरतात. ५८ ठिकाणची ४,००४ झाडे तोडून, वजन करून ज्या नोंदी झाल्या त्यांवर ते बांधले आहे. स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात घेर, C मध्ये व्यास (दोन्ही सेंटिमीटरमध्ये), D मध्ये उंची मीटरमध्ये आणि E मध्ये घनता ठेवा. काजूसारख्या अनेक खोडांच्या झाडाला C मध्ये वर काढलेले वर्गमूळ थेट लिहा.

```
C2:  =B2/PI()
F2:  =0.0673*(E2*C2^2*D2)^0.976
```

F2 मध्ये जमिनीवरचे कोरडे वजन किलोत येते. आपला आंबा: घेर १५७, व्यास ५०, उंची १४, घनता ०.५५. कंसात ०.५५ × २५०० × १४ म्हणजे १९,२५०. त्याचा ०.९७६ वा घात साधारण १५,१९०. गुणिले ०.०६७३ म्हणजे १,०२२ किलो. पूर्ण तक्ता भरण्याआधी हा आंबा टाकून बघा. १,०२१ किंवा १,०२२ आले तर सूत्र बरोबर बसले. घनता ०.५५ ऐवजी ५५० अशी घनमीटरच्या हिशेबात घातली तर उत्तर शेकडो टनांत जाईल, ते लगेच ओळखू येते.

६. छाटलेली झाडे

मेरेवरच्या झाडाला कोयता लागतोच. टाळ खाली पाडून शेतात घालण्यासाठी माटीच्या फांद्या उतरवतात, पांगारा आणि ग्लिरिसिडिया तर डोक्यातूनच कापतात. समीकरण मात्र धरून चालते की एवढ्या घेराला शोभेल एवढा डोलारा झाडावर आहे. तो नसेल तर उत्तर फुगते.

अशा वेळी समीकरण सोडा आणि खोडाला ओंडका समजा. एका माटीचे खोड ६ मीटरपर्यंत सरळ आहे, वर फक्त नव्या फुटव्यांचा झुबका. शिडी लावून ३ मीटरवर, म्हणजे खोडाच्या मध्यावर घेर घेतला, ११० सेंटिमीटर. छेदाचे क्षेत्रफळ १.१ चा वर्ग भागिले १२.५७ म्हणजे ०.०९६ चौरस मीटर. गुणिले ६ मीटर म्हणजे ०.५८ घनमीटर, आणि घनता ०.७३ धरून ४२२ किलो. त्याच झाडाचा १.३७ मीटरवरचा घेर १२६ आणि फुटव्यांसकट उंची ९ मीटर घालून समीकरणाने ५६९ किलो दिले होते. फुटव्यांचे वजन धरायचे असेल तर पुढच्या छाटणीला टाळ ताज्या वजनाने तोला, थोडा नमुना वाळवून कोरड्याचे प्रमाण काढा आणि मिळवा. नाही जमले तर ४२२ वरच थांबा.

पोकळ झाडांचेही तसेच. जुन्या आंब्याच्या बुंध्यावर कोयत्याच्या पाठीने ठोका. ढप असा आवाज आला तर वहीत ‘पोकळ’ लिहा आणि त्या झाडाचा आकडा एकूण बेरजेत वेगळ्या ओळीत दाखवा.

७. मुळे, कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड

मुळे उकरून कोणी मोजत नाही. हवामान बदलाच्या आंतरशासकीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ च्या मार्गदर्शिकेत दमट पानझडी जंगलांसाठी मुळांचे जमिनीवरच्या वजनाशी प्रमाण ०.२० ते ०.२४ दिले आहे. मी खालचा आकडा घेतो. त्याच मार्गदर्शिकेत कोरड्या वजनातला कार्बन ०.४७ धरला आहे. आंब्याचे १,०२२ गुणिले १.२० म्हणजे सुमारे १,२२७ किलो, त्यातला कार्बन ५७७ किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचे तर गुणिले ४४, भागिले १२, म्हणजे सुमारे २,११४ किलो.

५७७ आणि २,११४ हे एकाच झाडाचे दोन आकडे आहेत. कोणी ‘एका आंब्यात दोन टन कार्बन’ म्हणाले तर कोणता आकडा ते विचारा. तुमच्या तक्त्यातही रकान्याच्या डोक्यावर ‘कार्बन’ की ‘कार्बन डायऑक्साइड’ ते पूर्ण लिहा.

८. आकड्यावर किती विसंबायचे

शाव्हची बहुतेक झाडे जंगलातली. मेरेवरचे झाड एकटे, उन्हात वाढते, बुटके राहते आणि जाड फांद्या आडव्या टाकते. पश्चिम केनियातल्या शेतांवरची झाडे तोडून २०१२ साली बांधलेले एक समीकरण आहे, त्यात फक्त व्यास लागतो:

```
=0.091*C2^2.472
```

आपला आंबा त्यात घातला तर सुमारे १,४४० किलो येतात. शाव्हने १,०२२ दिले होते. केनियाचे समीकरण घनता बघत नाही आणि आपल्याकडच्या झाडांवर तपासलेले नाही, म्हणून मी ते मुख्य आकड्यासाठी वापरत नाही. पण दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की एका झाडाचा आकडा किती ढिला असतो ते डोळ्यांसमोर येते. एकेका झाडाची चूक कमी-जास्त होऊन शंभर झाडांच्या बेरजेत बरीचशी फिटते. घनता चुकीच्या प्रकारची घेतली किंवा टेप नेहमी वेलावरून नेला, तर ती चूक सगळ्या झाडांवर एकाच दिशेने पडते आणि कितीही झाडे मोजली तरी फिटत नाही.

अहवालात म्हणून दशांश नको. ‘१०० मीटर मेरेला सुमारे ३ टन कार्बन’ पुरे. खाली समीकरणाचे नाव, घनतेचा उगम, मुळांचे प्रमाण आणि किती झाडे छाटलेली होती ते लिहा.

९. पुन्हा मोजायचे असेल तर

वरचा सगळा हिशेब साठ्याचा आहे. झाडे वर्षाला किती कार्बन घेतात हे त्यातून कळत नाही, त्यासाठी तीच झाडे काही वर्षांनी परत मोजावी लागतात. तीन वर्षांत आपल्या आंब्याचा घेर १५७ वरून १६३ झाला, उंची तीच राहिली असे धरा. जमिनीवरचे वजन साधारण ७८ किलोने वाढेल. टेप जरा वर-खाली झाल्याने घेर दोन सेंटिमीटरने चुकला तर त्यातच २६ किलोंचा फरक पडतो, म्हणजे वाढीचा तिसरा हिस्सा.

मेरेवर दरवर्षी चिखलाची भर पडते, त्यामुळे १.३७ मीटर मोजायची जमीनच वर सरकते. म्हणून पहिल्याच मोजणीला टेपच्या वरच्या कडेला ऑइल पेंटची बारीक रेघ ओढा आणि पुढच्या वेळी काठी न लावता त्या रेघेवरच टेप धरा. मोजणी दोन्ही वेळा एकाच ऋतूत करा, शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत, साल कोरडी असताना. रेघ दर दोन वर्षांनी पुन्हा रंगवा. शेवाळ आणि पाऊस ती पुसून टाकतात.